'रिटर्न बॅक'मधला बॅक कुठून आला?

माझा भाचा रावेरला केळीच्या पॅकहाऊसमध्ये आहे, पॅकिंगपासून मेलपर्यंत सगळं तोच बघतो. मागे एकदा त्याने मुंबईच्या केळी पिकवणाऱ्या रायपनिंग चेंबरवाल्यांना पाठवायचा मेल मला आधी दाखवला. तीनच वाक्यं होती. 'प्लीज रिटर्न बॅक द एम्प्टी क्रेट्स. वी रिपीट अगेन, क्रेट्स आर शॉर्ट. काइंडली रिव्हर्ट बॅक.' म्हणाला, मामा ग्रामर बघ जरा. ग्रामर ठीकच होतं, पण तिन्ही वाक्यांत एकच गोष्ट दोनदा आली होती आणि जी सांगायला हवी होती ती, म्हणजे किती क्रेट आणि कोणत्या तारखेपर्यंत, ती कुठेच नव्हती.

आता हे इंग्रजी कच्चं असल्यामुळे होतं असं आपण पटकन म्हणून टाकतो, पण तसं नाहीये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही रिटर्न बॅक म्हणतात. कारण त्या भाषेतच आहे.

इंग्रजीत 'परत' हा अर्थ ठेवायला दोन जागा आहेत. एक शब्दाच्या मागे, कम बॅक, गो बॅक, गिव्ह बॅक, ही इंग्रजीची घरची पद्धत. दुसरी शब्दाच्या पुढे चिकटलेली 'रि', ती लॅटिनमधून आली, बरीचशी फ्रेंचमार्गे, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतरच्या काळात. रिटर्न म्हणजे परत वळणं. रिव्हर्टमधला व्हर्ट हा लॅटिनचा व्हर्टेरे, त्याचाही अर्थ वळणंच. रिपीटमधला पीट हा पेटेरे, एखाद्या गोष्टीकडे जाणं, ती मिळवायला बघणं, म्हणजे रिपीट हे मुळात पुन्हा त्याच गोष्टीकडे जाणं. पण आज 'पीट' हा सुटा शब्द त्या अर्थाने कोण वापरतं? कोणीच नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला त्या शब्दात जोड दिसतच नाही, अख्खा शब्द एकसंध दगडासारखा वाटतो. मग आतला 'परत' ऐकू येत नाही म्हणून जीभ घरच्या सवयीने मागून बॅक लावून देते. गो बॅक म्हणता येतं तर रिटर्न बॅक का नाही, असं ते होतं.

आपल्याकडे याला अजून एक जोर मिळतो. मराठीत परत दे, परत ये, परत सांग, 'परत' बहुधा सुटा असतो. आपण डोक्यात दोन शब्द घेऊन इंग्रजीत उतरतो आणि दोन्हींना एकेक शब्द शोधतो, दे ला रिटर्न आणि परत ला बॅक.

हे भाषांमध्ये फार जुनं आहे. स्पॅनिशमध्ये 'माझ्यासोबत' ला कॉनमिगो म्हणतात. लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत, आणि 'मेकुम' म्हणजे माझ्यासोबत, तो कुम शेवटी चिकटलेला. बोलून बोलून त्याचा नुसता 'गो' उरला, त्यातला सोबत ऐकू येईना, मग लोकांनी पुढे परत 'कॉन' लावला, जो त्याच कुमचा पोरगा. म्हणजे कॉनमिगो अक्षरशः 'सोबत-माझ्या-सोबत' आहे आणि आज तोच बरोबर शब्द आहे. आपला पिवळा पीतांबर याच घरातला.

पण प्रत्येक 'रि' मेलेली नसते, आणि खरी गंमत इथे आहे. 'रिचेक' घ्या, चेक वेगळा दिसतो, 'रि' जिवंत आहे, म्हणून 'परत रिचेक कर' मध्ये परत फुकट जातो. याउलट मोबाईलचा 'रिचार्ज' बघा. नवीन सिम घेतलं तरी आपण म्हणतो पहिला रिचार्ज मारला. पहिल्याच वेळेला 'रि' कशी? तिथे ती मेलीये, रिचार्ज म्हणजे नुसतं पैसे भरणं, म्हणून 'परत रिचार्ज मार' मध्ये परत कामाचा आहे, तो काढून चालणार नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दवाखान्यांतलं आहे. 'आबाले धुयाले रेफर कय' हे शिरपूर-साक्रीकडे कुठेही ऐकू येईल. रेफरचं लॅटिन मूळ आहे 'परत वाहून नेणं', पण आबा धुळ्याला परत जात नाहीयेत, पुढे पाठवलेत. आतला 'परत' पूर्ण गेला. म्हणून बरं वाटल्यावर पेशंटला पुढच्या उपचारासाठी गावाकडच्या दवाखान्यात पाठवलं की त्याला 'बॅक रेफर' म्हणावंच लागतं, तिथला बॅक दिशा सांगतो. नियम म्हणून सगळे बॅक खोडत बसलं तर इथे पेशंट उलट्या बाजूला जाईल.

म्हणून मूळ शोधत बसण्यापेक्षा मी भाच्याला एवढंच सांगितलं, तो बॅक झाकून वाच आणि बघ वाचणारा काही वेगळं करेल का. रिटर्न द क्रेट्स, तो तेच करेल, बॅक गेला. 'बॅक रेफर' मधला झाकलं तर वेगळं करेल, बॅक राहिला.

कोणी म्हणेल एक जादा शब्दाने काय बिघडतं. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ च्या प्रसिद्ध लेखात दाखवलं होतं की लिहिलेल्या इंग्रजीत साधारण निम्मा भाग असा असतो जो आजूबाजूच्या अक्षरांवरून आधीच ठरलेला असतो, आणि तो उपयोगाचाही असतो, फोन खरखरत असला किंवा एखादं अक्षर पुसलं तरी आपल्याला कळतं ते त्यामुळेच. लिलावाच्या गोंगाटात कोणी रिपीट अगेन ओरडला तर मला ते खटकत नाही. पण लिहिलेल्या वाक्यात गोंगाट नसतो. 'काइंडली रिव्हर्ट बॅक' तीन शब्दांचं, त्यातला एक काही सांगत नाही, म्हणजे तिसरा हिस्सा रिकामा. शिवाय इंग्रजीत जोर बहुधा वाक्याच्या शेवटी पडतो, वाचणारा तिथे नवीन माहितीची वाट बघतो, आणि तिथेच बॅक बसलेला. वाक्य अडखळल्यासारखं वाटतं ते यामुळे.

रिव्हर्टची तर वेगळीच अडचण आहे. 'उत्तर द्या' हा अर्थ भारतात, सिंगापूर-मलेशियात चालतो, बाकी बऱ्याच ठिकाणी रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. भाच्याने परदेशातल्या एका खरेदीदाराला 'प्लीज रिव्हर्ट बॅक ऑन रेट' लिहिलं होतं, त्याने विचारलं, जुन्या रेटवर जायचं का? त्या खुलाशात एक दिवस गेला. तिथे नुसता बॅक काढून भागत नाही, साधं रिप्लाय लिहावं.

मुंबईचा मेल शेवटी असा गेला: 'प्लीज रिटर्न द १२० एम्प्टी क्रेट्स बाय फ्रायडे. प्लीज रिप्लाय टुडे.' बॅक काढल्यावर आकडा आणि वार बसायला जागा झाली.

'रिपीट अगेन' मात्र मी त्याला वहीत लिहून ठेवायला सांगितलं. पहिल्यांदा मागितलं ते नुसतं सांगणं, दुसऱ्यांदा ते रिपीट, आणि तिसऱ्यांदा मागायची वेळ आली तर तेव्हा तो रिपीट अगेन खराच असतो. क्रेट दुसऱ्या मेलनंतर आले, ९५. उरलेल्या २५ साठी तो शब्द लागला.