प्रमोशनच्या शिफारशीत पुढची लेव्हल कुठून आली

प्रमोशनची शिफारस लिहायला बसलं की आपण आधी कौतुकच लिहितो, मेहनती आहे, कधी नाही म्हणत नाही वगैरे. त्यात खोटं काही नसतं, पण ते सगळं आत्ताच्या पदाबद्दल असतं, पुढच्या पदाबद्दल नाही.

मुळात प्रमोशन ज्येष्ठतेवर व्हायचं. 1854 साली ब्रिटनमध्ये नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने सरकारी नोकरीत बढती गुणवत्तेवर द्या असं सांगितलं, पण गुणवत्ता म्हणजे सध्याचं काम चांगलं करणं असाच अर्थ पुढे बराच काळ धरला गेला. 1969 मध्ये शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स पीटर यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं, की चांगलं काम केलं म्हणून माणूस वर सरकत राहतो आणि जिथे काम जमत नाही तिथे जाऊन अडकतो. ते मांडलं होतं विनोदाच्या अंगाने, पण 2019 मध्ये बेन्सन, ली आणि शू या संशोधकांनी सेल्सवाल्यांचा डेटा तपासला तर तसंच दिसलं, जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर करायची शक्यता जास्त, आणि तेच मॅनेजर झाले की हाताखालच्यांची विक्री मात्र घसरायची. उलट ज्यांनी आधी इतरांच्या जोडीने सौदे केले होते ते मॅनेजर म्हणून बरे निघाले. मला यातलं हेच सगळ्यात कामाचं वाटतं, पुढच्या पदाची खूण आधीच्या कामात सापडते, फक्त ती विक्रीच्या आकड्यात शोधून सापडत नाही. आता बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक लेव्हलच्या अपेक्षा लिहिलेल्या असतात आणि शिफारस त्यांच्याशी ताडून बघतात.

माझी पहिली शिफारस परत आली होती. सीनियर डेव्हलपरला लीड करायचं होतं, मी लिहिलं की याने वर्षात सगळ्यात जास्त तिकिटं क्लोज केली, रात्री सिस्टिम पडली की हाच उठतो. प्रमोशन ठरवणारी कमिटी म्हणाली, यावरून तो उत्तम सीनियर आहे एवढंच कळतं. मग मी लीडच्या अपेक्षांमधली एकच ओळ घेतली, 'इतरांचं काम आखून ते पूर्ण करून घेतो', आणि त्याखाली एकच प्रसंग लिहिला. पेमेंट मॉड्यूल नव्या डेटाबेसवर न्यायचं काम त्याने तिघांत वाटलं, दुसऱ्या आठवड्यात ज्युनियरचा भाग अडकला तेव्हा तो कोड याने स्वतः लिहून टाकला नाही, त्याच्यासोबत बसून काम लहान केलं आणि तारीख चार दिवस पुढे जाणार हे सपोर्ट टीमला आधीच कळवलं. प्लॅन कोणी वाचला, काम कोणी पाहिलं, तेही लिहिलं, नाहीतर कमिटी विचारणार कोणाला?

आणि एक प्रश्न स्वतःला विचारला, हे त्याने एकदाच केलं की पुन्हा पुन्हा? एकदा म्हणजे योगायोगही असू शकतो, म्हणून पुढच्या तिमाहीतला दुसरा छोटा प्रसंग जोडला. शेवटी उणीवही लिहिली, की टीममधल्या कोणाला कामाबद्दल कडक शब्दांत सांगायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही म्हणू शकत नाही. कमिटीने पुढच्या वेळी सगळ्यात जास्त प्रश्न याच ओळीवर विचारले, आणि त्याला लीड केलं.