मधाच्या बाटलीवर काय छापावं?

‘पाण्यात थेंब टाका, तळाला बसला तर मध शुद्ध’ हा व्हिडिओ पुन्हा फिरू लागला आहे. साखरेचा दाट पाकही तसाच तळाला बसतो. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवण्यानं भेसळ कळत नाही, आणि मध थिजला म्हणजे साखर मिसळली हेही खोटं. ग्लुकोजचं प्रमाण जास्त असलेला अस्सल मध थिजतोच.

महाबळेश्वर परिसरातल्या मधपाळांच्या सहकारी संस्थांचं नुकसान अशा समजुतींमुळेच होतं. मोठी दुकानं कुठल्या तरी पॅकरकडून मध घेऊन स्वतःच्या नावानं विकतात. तो मध अनेक ठिकाणचा मिसळलेला, बारीक गाळलेला, वर्षभर एकाच रंगाचा असतो. ‘१०० टक्के शुद्ध’ त्यावरही लिहिलेलं असतं. मग संस्थेनं वेगळं सांगायचं काय? माझ्या मते, प्रयोगशाळेत पडताळता येईल तेवढंच.

त्यासाठीची एक तपासणी मला फार सुंदर वाटते. हवेतल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन जड असतो, त्याला कार्बन-१३ म्हणतात. वनस्पती हवेतला कार्बन कशा पकडतात यावरून त्यांचे सी-३ आणि सी-४ असे गट पडतात. जांभूळ, हिरडा, कारवी यांसारख्या सी-३ वनस्पतींमधलं रुबिस्को हे विकर हलका कार्बन पसंत करतं, त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ कमी उतरतो. ऊस आणि मका सी-४ गटातले. त्यांचं पहिलं विकर तेवढी निवड करत नाही, म्हणून उसाची साखर जराशी जड असते. हा फरक डेल्टा नावाच्या आकड्यात मोजतात: सी-३ झाडांचा साधारण उणे २५, उसाचा उणे ११ च्या आसपास.

खरी गंमत पुढे आहे. मधात थोडी प्रथिनं असतात, ती मधमाशीकडून आणि परागातून येतात. बाटलीत उसाचा पाक ओतला तर साखरेचा डेल्टा बदलतो, प्रथिनांचा बदलत नाही. म्हणजे मूळ मध कसा होता याची खूण त्याच बाटलीत शिल्लक राहते. समजा प्रथिनांचा डेल्टा उणे २५.५ आणि मधाचा उणे २३.० आला. फरक २.५. शुद्ध सी-४ साखरेसाठी उणे ९.७ धरतात, तिच्यापासून प्रथिनं १५.८ दूर आहेत. २.५ ला १५.८ नं भागलं की जवळपास १६ टक्के सी-४ साखर निघते. मर्यादा ७ टक्के, म्हणून हा मध नापास.

ही तपासणी प्रामाणिक मधपाळालाही पकडू शकते. सह्याद्रीत भर पावसाळ्यात फारसा फुलोरा नसतो, तेव्हा सातेरी या देशी मधमाश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. तो मधकोठीत उरला आणि पुढच्या काढणीत आला, तर भेसळ न करताही नमुना नापास होतो. म्हणून पाक कधी बंद केला आणि मध कधी काढला, या दोन तारखा संस्थेनं प्रत्येक डब्यासोबत नोंदवल्याच पाहिजेत.

आता या पद्धतीची अडचण. तांदूळ आणि बीट सी-३ गटातले, त्यामुळे त्यांचा पाक या चाळणीतून सहज निसटतो. २०२० मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं जर्मनीतल्या प्रयोगशाळेत आण्विक चुंबकीय अनुनाद पद्धतीनं मध तपासून घेतला, तेव्हा नामवंत ब्रँडही त्यात अडकले. ‘सी-४ चाचणी उत्तीर्ण’ एवढ्यानं शुद्धता सिद्ध होत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणारी संस्था मला जास्त विश्वासार्ह वाटेल.

मूळ ठिकाणाचा पुरावा मात्र परागात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांच्या आकारावरून आणि नक्षीवरून झाड ओळखता येतं. एखाद्या फुलाचे पराग ४५ टक्क्यांच्या वर असले तर मधाला त्या फुलाचं नाव द्यावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. कारवी अनेक वर्षांच्या अंतरानं एकदाच फुलते, त्यामुळे एकाच परिसरातला ‘कारवीचा मध’ दरवर्षी विकणारा खोटं बोलत असणार. फार बारीक गाळलेल्या मधात परागच उरत नाहीत आणि हा पुरावा निघून जातो. संस्थेनं मध जाडसर गाळावा, आणि बाटलीवर गाव, काढणीचा महिना व परागतपासणीत सापडलेली प्रमुख झाडं छापावीत. रंग दरवर्षी बदलेल, तेही छापावं.

राहिला ओलावा. घाटावरच्या दमट हवेत सातेरीचा मध २० टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे सहज जातो आणि आंबतो. ओलावा कमी करायला तो जास्त तापवला तर फ्रुक्टोजपासून एचएमएफ हा पदार्थ तयार होतो, त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. माश्यांनी मेणानं बंद केलेल्या पोळ्यांचाच मध काढला तर तापवायची गरज बरीच कमी होते. त्यासाठी काही दिवस थांबावं लागतं, म्हणून पोळं बंद होण्याआधी काढलेल्या मधाला संस्थेनं कमी भाव द्यावा.