पार्श्वगायन कशामुळे आलं?

“जुन्या नटनट्यांना गाता येत नव्हतं, म्हणून पार्श्वगायन आलं.”

उलट, सुरुवातीच्या बोलपटांत गाता येणं हीच नटाची पात्रता होती; आपल्याकडे तर संगीत नाटकातली मंडळीच पडद्यावर आली. अडचण माइकची होती. गाणं आणि चित्रण एकाच वेळी व्हायचं, त्यामुळे साजिंदे चौकटीबाहेर दडून बसत आणि गाणाऱ्याला माइकपासून फार हलता येत नसे. नाचत गायलं की धाप ऐकू येणारच! १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’साठी गाणं आधी ध्वनिमुद्रित केलं आणि चित्रणाच्या वेळी ते वाजवून ओठ हलवून घेतले. तरी गाणारे नट लगेच संपले नाहीत. सैगल अखेरपर्यंत स्वतःच गात होते.

आता गाणं पडद्यावाचूनही जगू शकत होतं. माइकजवळ हलकेच गायलेला सूरही पोचू लागला, म्हणून नाजूक आवाज आवडू लागले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. कानांना तेच माप पडलं. १९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं हटली, तर श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावलं.