फसवे रिग्रेशन

काळाबरोबर आपापल्या कारणाने वाढणाऱ्या किंवा भरकटणाऱ्या दोन आकडेमालिका एकमेकींवर बसवल्या, की त्यांच्यात नाते नसतानाही संगणक घट्ट नाते दाखवतो. एका मालिकेवरून दुसरीचा अंदाज देणारे सूत्र बसवणे म्हणजे रिग्रेशन, आणि नाते नसताना ते दाखवणारे रिग्रेशन म्हणजे फसवे रिग्रेशन (संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेत रिग्रेशनला ‘समाश्रयण’ हा शब्द आहे). ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी 1926 मध्ये याचे गाजलेले उदाहरण दिले. इंग्लंड-वेल्समध्ये 1866 ते 1911 या काळात चर्च ऑफ इंग्लंडमधील लग्नांचे प्रमाण घटत गेले आणि मृत्युदरही घटत गेला. दोहोंचा सहसंबंध निघाला 0.95. म्हणून चर्चमधली लग्ने बंद केली तर माणसे मरायची थांबतील, असे कोणी म्हणणार नाही.

बँकेत मात्र असेच काही सहज म्हटले जाते, कारण तिथे दोन्ही मालिका शहाण्यासारख्या दिसतात. पुढील उदाहरण कल्पित आहे. एका छोट्या नागरी सहकारी बँकेच्या व्यवस्थापनाने पुढील वर्षाच्या ठेवींचा अंदाज 353 कोटी असा मांडला. आधार होता 60 महिन्यांच्या आकड्यांचा: तालुक्यात नोंदलेल्या दुचाकींची एकूण संख्या 41 हजारांवरून 68 हजारांवर गेली, आणि ठेवी 212 कोटींवरून 318 कोटींवर. हजार दुचाकींमागे सुमारे 3.9 कोटी. वर्षभरात 9 हजार गाड्या वाढणार, म्हणजे 35 कोटी नव्या ठेवी. ठेवींच्या चढउतारातला किती हिस्सा सूत्रात बसतो हे 0 ते 1 मध्ये सांगणारा आर-वर्ग 0.97. नाते निव्वळ योगायोगाचे नसावे असे साधारण 2 च्या वर गेल्यावर सांगणारे टी-मूल्य 43.

संचालक मंडळासाठी तक्ता नीट मांडण्याचे काम कनिष्ठ विश्लेषक मुलीकडे आले. तिची नजर तळाच्या ओळीत अडकली: लागोपाठच्या चुका एकमेकींसारख्या आहेत का हे सांगणारा डर्बिन-वॉटसन आकडा, 0.19. हा आकडा 0 ते 4 मध्ये असतो आणि 2 च्या आसपास असला तर ठीक. शून्याकडे झुकला, तर अंदाजाची या महिन्यातली चूक जवळपास मागच्या महिन्याचीच चूक असते. म्हणजे 60 महिने हे 60 स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार तेच पुन्हा पुन्हा सांगतो आहे. टी-मूल्य काढणारे सूत्र मात्र त्यांना 60 धरते, म्हणून ते अवाच्या सवा फुगते.

तिने दोन्ही रकाने बदलले. एकूण ठेवींच्या जागी त्या महिन्यात वाढलेल्या ठेवी, एकूण गाड्यांच्या जागी त्या महिन्यात नोंदलेल्या गाड्या. आर-वर्ग 0.01 वर आला, टी-मूल्य 0.7 वर. ज्या महिन्यात गाड्या जास्त खपल्या, त्या महिन्यात ठेवी जास्त आल्या असे काही नव्हतेच. मग तिने दुचाकींऐवजी तालुक्याच्या पर्जन्यमापकावरचा, पहिल्या महिन्यापासून बेरीज करत आणलेला पाऊस घातला. आर-वर्ग 0.95.

साहेब म्हणाले, “अगं, पण गाड्या वाढतात म्हणजे लोकांच्या हातात पैसा येतोय ना?” शंका रास्त आहे. दोन्हींमागे उत्पन्नवाढ असू शकते. पण तेवढ्याने दुचाकींच्या आकड्यावरून ठेवींचा आकडा काढता येत नाही. तिने पहिल्या 48 महिन्यांवर सूत्र बसवून उरलेल्या 12 महिन्यांचा अंदाज काढला. सरासरी चूक 11 कोटी निघाली. ‘मागच्या महिन्याच्या ठेवी अधिक नेहमीची वाढ’ या साध्या हिशेबाची चूक 4 कोटी होती. माझ्या मते साहेबांपुढे ठेवायला हीच तपासणी सर्वांत उपयोगी, कारण ती समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

नेहमीची वाढ महिन्याला 1.8 कोटी, म्हणजे वर्षाअखेर ठेवी 340 कोटींच्या आसपास. फरक 13 कोटींचा. ठेवींच्या 70 टक्के कर्ज द्यायचे धोरण असेल, तर न आलेल्या ठेवींच्या भरवशावर 9 कोटींहून जास्त कर्जे मंजूर झाली असती. छोट्या बँकेला तेवढी रोकड ऐनवेळी उभी करणे जड जाते.

हा घोळ किती सर्रास होतो, हे अर्थतज्ज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी 1974 मध्ये दाखवले. एकमेकांशी संबंध नसलेल्या, पण प्रत्येक पाऊल मागच्या पावलावरून टाकणाऱ्या मालिका त्यांनी संगणकावर तयार केल्या. नेहमीच्या कसोटीने सुमारे तीन-चतुर्थांश वेळा ‘नाते आहे’ असा कौल दिला. आर-वर्ग डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की सावध व्हावे, हा त्यांचा ठोकताळा. पीटर फिलिप्स यांनी 1986 मध्ये गणिताने सिद्ध केले, की अशा मालिकांत आकडे वाढवून उपयोग नाही. मालिका लांबेल तसे टी-मूल्य आणखी फुगते.

पण दर वेळी त्या मुलीसारखे एकूण आकड्यांऐवजी महिन्या-महिन्यातले फरक घेणे हाही उपाय नव्हे. व्याजदरांसारख्या काही मालिका भरकटतात, तरी एकमेकींपासून फार दूर जात नाहीत; बँकेचा कर्जाचा दर आणि तिला पैसा उभा करायला पडणारा दर अशी जोडी असू शकते. तिथे नुसते फरक घेतले तर खरे दीर्घकालीन नातेच पुसले जाते. अशा नात्याला सहसमाकलन म्हणतात. त्याची चाचणी रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी 1987 मध्ये मांडली. 60 महिन्यांवर ती चाचणीही अधू पडते. तेव्हा शेवटचे 12 महिने बाजूला काढून ठेवणेच बरे.