हजार रुपयांमागे किती कापूस?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू पऱ्हाटीचं एक उदाहरण घेऊ. साठ कास्तकारांकडून दोन आकडे लिहून घेतले: एकरी खर्च रुपयांत आणि एकरी कापूस क्विंटलमध्ये. बियाणं, खत, फवारणी, निंदण हे सगळं खर्चात धरलं. मग रिग्रेशन केलं, म्हणजे खर्च वाढला की उत्पादन सरासरी किती वाढतं हे सांगणारी सरळ रेषा काढली. पुढचे आकडे समजण्यापुरते मी ठरवले आहेत.

रेषेचा सहगुणक आला 0.0003 आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे दुसरी साठ शेतं घेतली असती तर तो साधारण किती इकडेतिकडे झाला असता याचा अंदाज, 0.0001. स्थिरांक, म्हणजे खर्च शून्य धरला तर रेषा सांगते ते उत्पादन, आला 2. सहगुणकाचा अर्थ असा की एक रुपया जास्त लावला की एकरी 0.0003 क्विंटल जास्त कापूस. तीन दशांश स्थळांपर्यंतच आकडे दाखवणाऱ्या तक्त्यात सहगुणक आणि प्रमाण त्रुटी दोन्ही 0.000 असे छापले जातील. ते पाहून "खर्चाचा काहीच परिणाम नाही" असं कोणी म्हणालं, तर ती मोठीच चूक ठरेल. सहगुणकाला प्रमाण त्रुटीने भागलं की 3 येतात, आणि साठ शेतांच्या नमुन्यात 3 म्हणजे चांगला भक्कम पुरावा. रुपया हे माप इथे फार बारीक आहे, एवढीच अडचण. रुपयाभराच्या खताने पऱ्हाटीला किती बोंडं जास्त लागली, हे कोणीच मोजत नाही.

म्हणून खर्च हजार रुपयांत मांडू. 15,000 च्या जागी 15. R या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत आधीची आणि नवी रेषा अशी काढता येते:

```
lm(kapus ~ kharch)
lm(kapus ~ I(kharch/1000))
```

आता सहगुणक 0.3 होतो आणि प्रमाण त्रुटी 0.1. खर्चाचे आकडे हजाराने लहान झाले, म्हणून त्यांचा सहगुणक हजारपट मोठा झाला, आणि प्रमाण त्रुटीही तितकीच वाढली. दोघांचा भागाकार आधीसारखाच 3. खर्चाचा परिणाम खरोखर शून्य असता तर निव्वळ योगायोगाने इतका मोठा भागाकार येण्याची शक्यता, म्हणजे पी-मूल्य, तेच, रेषेने सांगितलेलं प्रत्येक शेताचं उत्पादन तेच. स्थिरांकही 2 च राहतो, कारण शून्य रुपये आणि शून्य हजार रुपये एकच.

उत्पादन किलोत मांडलं तर मात्र स्थिरांकही हलतो. 1 क्विंटल म्हणजे 100 किलो, त्यामुळे सगळंच शंभरपट: स्थिरांक 200, सहगुणक 30, प्रमाण त्रुटी 10. भागाकार पुन्हा 3.

हजार रुपयांमागे 30 किलो, हे वाक्य शेतकऱ्याला लगेच कळतं, आणि खरा उपयोग तिथूनच सुरू होतो. प्रमाण त्रुटीच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना घेतलं, तर 95 टक्के विश्वासाची मर्यादा 10 ते 50 किलो येते. कापसाला क्विंटलमागे 7,000 रुपये भाव धरा. मग हजार रुपये जादा लावून हाती येणारे पैसे 700 पासून 3,500 पर्यंत कितीही असू शकतात. खर्चाने उत्पादन वाढतं याचा पुरावा चांगला आहे, पण तो खर्च भरून निघेल याची खात्री या आकड्यांत नाही, आणि वाढलेल्या कापसाची वेचणी तर अजून धरलेलीच नाही. 0.0003 या आकड्यात हीच माहिती होती, फक्त ती कुणाला दिसली नसती.

इथे एक सीमा ओलांडली जाऊ शकते. सगळ्यांच्या कापसाला एकच 7,000 चा भाव लावून उत्पादन रुपयांत मांडलं, तर तो निव्वळ मापाचा बदल. मात्र ज्याला जो भाव मिळाला त्याने गुणलं, कुणाला खेडा खरेदीचा, कुणाला बाजार समितीतला, तर ती नवीच राशी झाली. आता तिच्यात भावातला फरकही मिसळला आहे, त्यामुळे भागाकार 3 राहण्याचं काही कारण नाही.

एकराचं हेक्टर करतानाही लोक गोंधळतात. 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर. खर्च आणि उत्पादन दोन्ही हेक्टरी केले, तर सहगुणक जागचा हलत नाही, कारण दोन्हीकडचा 2.47 कटून जातो. फक्त स्थिरांक 2 वरून 4.94 होतो. एकच रकाना बदलला आणि दुसरा एकरीच राहू दिला, तर सहगुणक बदलतो, पण भागाकार तोच राहतो. म्हणून ही चूक पुराव्याच्या आकड्यावरून पकडता येत नाही, प्रत्येक रकान्याचं माप वाचूनच पकडावी लागते.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे एकाच रकान्यात दोन मापं. एका गावच्या यादीत 15,000 आणि दुसऱ्या गावच्या यादीत 15. हा मापाचा बदल नव्हेच, कारण सगळ्या ओळींना एकाच संख्येने गुणलेलं किंवा भागलेलं नाही. अशी यादी रिग्रेशनला दिली, तर निष्कर्षच बदलतो आणि संगणक कसलीही सूचना देत नाही. म्हणून आधी रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहावा. एकरी खर्च 12 रुपयांपासून 28,000 रुपयांपर्यंत दिसत असेल, तर रेषा काढण्याआधी त्या गावच्या यादीवाल्याला फोन करावा.