रस्ता अडला की भाव पडला? विदर्भातील आंदोलनाच्या बातम्यांचे चौकट विश्लेषण

28 ऑक्टोबर 2025 रोजी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली कर्जमाफीसाठी निघालेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर थांबले आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग बंद पडला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेत रस्ता मोकळा करायला सांगितले. 30 तारखेला मुंबईत बैठक झाली आणि 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे सरकारने जाहीर केले. तीन दिवसांच्या या घडामोडीत नेमका प्रश्न कोणता होता? रस्ता, कर्ज की भाव? बातमीने यातले काय उचलले, हे तपासण्याची एक रीत आहे: चौकट विश्लेषण.

तिचे मूळ समाजशास्त्रात आहे. माणूस समोरच्या प्रसंगाला कोणत्या चौकटीत बसवून अर्थ लावतो, हे अर्व्हिंग गॉफमन यांनी 1974 साली मांडले. पण बातम्या तपासणाऱ्यांच्या हाती वापरता येईल असे साधन आले ते 1993 मध्ये. माध्यम अभ्यासक रॉबर्ट एन्टमन यांनी चौकटीची चार कामे वेगळी केली: समस्या ठरवणे, कारण सांगणे, नैतिक निवाडा करणे आणि उपाय सुचवणे. एकच वाक्य यातली दोन कामे करू शकते, अनेक वाक्ये एकही करत नाहीत आणि प्रत्येक बातमीत चारही कामे सापडतीलच असे नाही, हेही त्यांनी बजावले. विदर्भाच्या बातम्या वाचताना ही शेवटची सूचना फार कामी येते.

कारण इथे चौकट एकदा आमूलाग्र बदललेली आहे. 1980 च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापसाच्या आंदोलनात समस्या मांडली ती भावाची. कारण सरकारी धोरण, उपाय उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत कारण आणि उपाय एकाच दमात येतात. पुढे आत्महत्यांच्या बातम्या वाढल्या, समस्या ‘कर्जबाजारी शेतकरी’ झाली आणि उपाय झाला पॅकेज. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, 2008 मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिच्यात संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच होती. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन जास्त आणि पाणी नाही, त्यामुळे असे पुष्कळजण संपूर्ण माफीबाहेर राहिले. जमिनीच्या आकारावर गरिबी मोजणारा उपाय इथल्या कारणाला लागूच पडत नव्हता.

आता प्रत्यक्ष काम. नमुन्यासाठी मी रचलेली ही बातमी घ्या. मथळा: ‘महामार्ग रोखला, प्रवाशांचे हाल’. पहिला परिच्छेद वाहनांच्या रांगांचा, दुसरा पोलिसांच्या आवाहनाचा. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक शेतकरी म्हणतो, “सोयाबीनचा हमीभाव 5,328 आहे, पण खरेदी केंद्र सुरू नाही, व्यापारी मागेल त्या भावात द्यावं लागतं.” शेवटी संघटनेची मागणी: सातबारा कोरा करा.

एन्टमन यांच्या चार कामांचा एकेक रकाना असलेला तक्ता करावा आणि त्यात मथळा आणि मजकूर वेगळे नोंदवावेत, कारण मजकूर गावाकडच्या वार्ताहराचा असतो आणि मथळा बहुतेकदा कार्यालयातल्या डेस्कचा. मथळ्यात समस्या वाहतूक, कारण आंदोलक. उपाय पोलिसांच्या तोंडून: रस्ता मोकळा करा. शेतकऱ्याच्या वाक्यात समस्या पडेल भाव, कारण बंद खरेदी केंद्र. उपायाचा रकाना मात्र रिकामा. उपाय येतो संघटनेच्या मागणीत, पण तो कर्जाचा, भावाचा नव्हे. म्हणजे एका बातमीत तीन समस्या आहेत आणि ज्या समस्येचे कारण नीट सांगितले तिलाच उपाय नाही.

चूक नेमकी इथे होते. विदर्भ माहीत असलेला वाचक तो रिकामा रकाना स्वतःच्या माहितीने भरून टाकतो: ‘उपाय अर्थात केंद्र सुरू करणे’. ते कितीही खरे असले तरी बातमीने म्हटलेले नाही, म्हणून नोंदवायचे नाही. दुसरी चूक, आंदोलकांची मागणी वृत्तपत्राची भूमिका म्हणून धरणे. त्यासाठी ‘कोण बोलले’ हा रकाना प्रत्येक नोंदीपुढे हवा. दोघांनी त्याच बातम्या एकमेकांना न विचारता नोंदवाव्यात. समस्येवर सहसा एकमत होते, कारणावर फाटे फुटतात. तसे झाले की व्याख्या घट्ट करून पुन्हा नोंदवावे.

या पद्धतीने वाचकाच्या मनात काय उतरले ते कळत नाही, त्यासाठी वाचकांकडेच जावे लागते. मात्र आंदोलनाच्या आधीचा आठवडा, रास्ता रोकोचे दिवस आणि नंतरचा पंधरवडा अशा तीन तुकड्यांत तोच तक्ता भरला, तर खरेदी केंद्राचे कारण बातम्यांत केव्हा आले आणि रस्ता मोकळा झाल्यावर ते टिकले की नाही, हे तारखेनिशी दाखवता येते.