तुरुंगापासून सहा, आठ आणि नऊ

मोनोपॉली खेळताना बहुतेकांचा डोळा बोर्डवॉकवर असतो. पटावरची ती सगळ्यात महाग जागा, ४०० डॉलरची. हॉटेल बांधलं की तिथे येऊन थांबणाऱ्याकडून दर वेळी भाडं २००० डॉलर. पण भाडं मिळायचं तर कुणीतरी तिथे येऊन थांबायला हवं, आणि पटावरचे चाळीस चौकोन या बाबतीत सारखे नाहीत.

प्रत्येक चौकोनावर सारखीच वर्दळ असती तर शंभरातली अडीच दानं प्रत्येकाच्या वाट्याला आली असती. प्रत्यक्षात तुरुंगाच्या एकट्या चौकोनावर सहाहून थोडी जास्त येतात. ‘तुरुंगात जा’ असा चौकोन आहे, तसा हुकूम देणारी पत्ती चान्स आणि कम्युनिटी चेस्ट या पत्त्यांच्या दोन्ही गठ्ठ्यांत आहे. शिवाय दोन्ही फाशांवर सलग तीनदा सारखा आकडा पडला तरी रवानगी तिथेच. वाटेत सहज येऊन थांबणारे वेगळे. त्यामुळे पटावरची रहदारी समजून घ्यायची तर तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या सोंगटीपासून सुरुवात करावी लागते.

दोन फाशांची ३६ दानं होतात. त्यांतली पाच सहाची, पाच आठची आणि चार नवाची. तुरुंग दहाव्या चौकोनावर आहे, म्हणजे ही दानं सोंगटीला १६, १८ आणि १९ या चौकोनांवर नेतात. तिथे कोण आहे? सेंट जेम्स प्लेस, टेनेसी अव्हेन्यू आणि न्यू यॉर्क अव्हेन्यू, म्हणजे अख्खा नारिंगी गट. दंड भरून तुरुंगाबाहेर पडणाऱ्याच्या ३६ दानांपैकी १४ नारिंगीवर पडतात. तुरुंगाला अगदी लागून असलेल्या गुलाबी गटाला त्यांतली फक्त पाच मिळतात, कारण दोन फाशांवर लहान दानं क्वचितच पडतात. लाल गटातला इलिनॉय अव्हेन्यू तुरुंगापासून चौदा चौकोन दूर आहे, म्हणजे साधारण दोन दानांवर. त्यात चान्सची एक पत्ती थेट तिथेच पाठवते, म्हणून विकत घेता येणाऱ्या जागांत त्याचा पहिला नंबर लागतो, जवळजवळ ३.२ टक्के.

निळ्या गटाचं उलट आहे. पार्क प्लेस ३७व्या चौकोनावर आहे. त्याच्या मागे बरोबर सात चौकोनांवर, म्हणजे सगळ्यात जास्त पडणाऱ्या दानाच्या अंतरावर, तिसावा चौकोन येतो, आणि तो आहे ‘तुरुंगात जा’. तिथे कुणी टिकतच नाही, त्यामुळे जिथून पार्क प्लेसला गिऱ्हाईक यायचं ती जागाच रिकामी राहते. त्याचा वाटा जेमतेम २.२ टक्के. बोर्डवॉकला चान्सच्या पत्तीचा आधार आहे म्हणून तो २.६ पर्यंत पोचतो.

हे आकडे काढायची रीत रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक चौकोनावरून दुसऱ्या प्रत्येक चौकोनावर जायची शक्यता एका तक्त्यात मांडायची आणि तो तक्ता पुन्हा पुन्हा लावत राहायचं. काही वेळाने सोंगटी कुठून निघाली होती याला अर्थ उरत नाही, टक्केवारी स्थिरावते. इथले आकडे अटलांटिक सिटीच्या रस्त्यांवर बेतलेल्या मूळ अमेरिकन पटाचे आहेत. आपल्याकडचा ‘व्यापार’ याच जातीचा खेळ आहे, पण त्याच्या पटाची मांडणी वेगळी आहे. तिथे हे आकडे लागू होणार नाहीत, पद्धत होईल.

आता बांधकाम. न्यू यॉर्क अव्हेन्यूवर दर शंभर दानांमागे साधारण ३.१ सोंगट्या थांबतात आणि तिथल्या एका घराला १०० डॉलर पडतात. पूर्ण गट हातात असेल तर मोकळ्या जागेचं भाडं ३२ डॉलर. पहिल्या घराने ते ८० होतं. ही ४८ डॉलरची वाढ ३.१ टक्के दानांवरच मिळणार, म्हणून घराचे १०० डॉलर वसूल व्हायला प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ६७ दानं लागतात. दुसऱ्या घराने भाडं २२० होतं, वसुली २३ दानांत. तिसऱ्या घराने ते एकदम ६०० वर जातं आणि पैसे नवाच्या आत निघतात. चौथं घर आणि त्यापुढचं हॉटेल दोन्हींना प्रत्येकी सोळा दानं. बोर्डवॉकवरही चित्र असंच दिसतं. तिथे घर २०० डॉलरचं, पण तिसरं साडेनऊ दानांत वसूल होतं आणि चौथ्याला पंचवीस लागतात.

थोडक्यात, एकेका घरावर थांबणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. पैसा तिसऱ्या घरापर्यंत पोचवायचा. ही दानं प्रतिस्पर्ध्यांची आहेत हेही ध्यानात ठेवावं. चौघांच्या खेळात नऊ दानं तीन फेऱ्यांत होतात, दोघांच्या खेळात त्यालाच नऊ फेऱ्या लागतात.

हे सगळं सौद्याच्या वेळी उपयोगी पडतं. समजा तुमच्याकडे टेनेसी, न्यू यॉर्क आणि बोर्डवॉक आहेत, समोरच्याकडे सेंट जेम्स आणि पार्क प्लेस. तो बोर्डवॉकच्या बदल्यात सेंट जेम्स देऊ करतो, म्हणजे तुमचा नारिंगी गट पूर्ण होतो आणि त्याचा निळा. जागांच्या छापील किमती पाहिल्या तर ४०० देऊन १८० घेतल्यासारखं होतं. पण दोघांच्या हातात ९०० डॉलर रोख आहेत असं धरा. तुम्ही नऊ घरं घेऊन तिन्ही नारिंगी जागांवर तीन-तीन बांधू शकता. त्याला २०० डॉलरच्या घरांमुळे चारच घेता येतात, दोन-दोन. त्याच्या प्रत्येक दानामागे तुम्हाला सरासरी ५० डॉलर भाडं येतं, तुमच्या दानामागे त्याला २७ च्या आसपास. त्याच्याकडे आणखी ४०० डॉलर असते तर दोन्हीकडे तीन-तीन घरं होऊन त्याची सरासरी ६० च्या पुढे गेली असती. म्हणून मी असा सौदा करण्याआधी समोरच्याच्या नोटा मोजते, जागांच्या किमती नंतर पाहते.

सरासरी सारखी असली तरी जोखीम सारखी नसते. नारिंगी गटावर एका दानात कुणी येण्याची शक्यता जवळजवळ ९ टक्के, निळ्यावर ५ च्या आत. ढोबळ हिशेबाने, वीस दानांत निळ्यावर एकदाही कुणी न येण्याची शक्यता ३७ टक्के आहे, नारिंगीवर १६. निळ्या गटात पैसा अडकवून वाट पाहत बसलेला खेळाडू बऱ्याचदा तेवढ्या काळात रोकड संपून बसतो.

रोकड संपण्याची भीती तुम्हालाही आहे. सगळे ९०० घरांत घातले आणि लगेच त्याच्या बोर्डवॉकवर पाय पडला, तर ६०० डॉलर द्यावे लागतील. घरं बँकेला अर्ध्या किमतीत परत जातात, म्हणजे नऊच्या नऊ विकून ४५० च मिळणार, वर जागा गहाण टाकाव्या लागणार. तुमची सोंगटी ‘गो’ हा सुरुवातीचा चौकोन ओलांडून नुकतीच पुढे आली असेल तर बेधडक बांधा, निळा गट अजून लांब आहे. ती २५ ते ३५ च्या दरम्यान असेल तर थांबा. घरं दुसऱ्याच्या पाळीआधीही घेता येतात, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. तो दहाव्या चौकोनावर आला आणि फासे उचलणार, त्याआधीच्या क्षणी नऊ घरं लावावीत. तो तुरुंगात बंद असेल आणि दंड न भरता जोडीची वाट पाहणार असेल, तर मात्र ३-३ आणि ४-४ एवढीच दानं तुमच्या कामाची. खेळाच्या शेवटी हुशार खेळाडू याच कारणाने तुरुंगात बसून राहतात.

शेवटी पेटीतली घरं मोजावीत. नियमाप्रमाणे ती ३२ च असतात, आणि संपली की नवीन मिळत नाहीत. नारिंगीवर चार-चार म्हणजे बारा, आणखी एका तीन जागांच्या गटावर चार-चार म्हणजे चोवीस. उरतात फक्त आठ. इथे हॉटेल बांधलंत तर चार घरं पेटीत परत जातात आणि समोरचा ती उचलतो. भाड्यात दोनशेची वाढ सोडून चार घरांवर अडून राहिलात, तर हिरव्या गटाच्या मालकाकडे पैसे असूनही त्याला तीन-तीन घरं पुरी करता येत नाहीत, कारण त्याला नऊ हवी असतात.